एकदा बाधलं की वाससुद्धा नको: खाण्याच्या शिसारीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मूळची अमरावतीची. विसाव्या वर्षी पहिल्यांदा मालवणला गेले आणि पहिल्यांदाच सोलकढी प्यायले. एक नाही, तीन वाट्या. दुपारी दीडला जेवलो, तीनला निघालो, फोंडा घाट चढून कोल्हापूरला पोचेपर्यंत रात्रीचे आठ वाजले आणि लॉजच्या जिन्यातच मला पहिली उलटी झाली. पुढचा दीड दिवस बादली आणि मी. त्यानंतर कितीतरी वर्षं कोकम, नारळाचं दूध आणि लसूण यांचा तो एकत्र वास आला की माझ्या तोंडाला पाणी सुटायचं, पण उलटीच्या आधी सुटतं तसलं.

पुढे मी मानसशास्त्र शिकवायला लागले. हा धडा आला की वर्गात ही गोष्ट सांगते, आणि मग पोरं आपापल्या गोष्टी काढतात: कुणाची अंडाभुर्जी, कुणाचा पाइनॅपल केक, एकाचं तर केळ्याचं शिकरण. त्यांनी, त्यांच्या पालकांनी आणि आमच्या नातेवाइकांनी वेळोवेळी विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

हे नक्की काय असतं? नुसती नावड नाही का?

नाही. कारल्याची नावड असलेला माणूस कारलं बघून तोंड वाकडं करतो, पण त्याच्या पोटात ढवळत नाही. इथे एखादा पदार्थ आधी आवडत होता, निदान चालत होता. तो खाल्ल्यावर काही वेळाने मळमळ किंवा उलटी झाली. आणि त्या एका खेपेनंतर तो नकोसा झाला. नुसता ‘नको’ असं ठरवलं जात नाही, तो पदार्थ घाणच वाटायला लागतो. आपल्याकडे याला ‘शिसारी बसली’ म्हणतात. पुस्तकातल्या कुठल्याही पारिभाषिक शब्दापेक्षा मला हा शब्द नेमका वाटतो. ‘बसली’ हे क्रियापद तर फारच बरोबर आहे, कारण ती उठता उठत नाही.

शास्त्राच्या भाषेत ही चवीची शिकलेली नावड. ती ज्याने उजेडात आणली त्या जॉन गार्सिया या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या नावाने ‘गार्सिया परिणाम’ असंही म्हणतात. अमेरिकेत १९७०च्या दशकात जवळपास ७०० लोकांना विचारलं होतं, तेव्हा त्यातल्या ३८ टक्क्यांनी अशी किमान एक शिसारी असल्याचं सांगितलं. माझ्या वर्गात हात वर करायला लावले तर दरवर्षी याहून जास्त वर येतात, पण एकाची गोष्ट ऐकून दुसऱ्याला आठवतं, तेव्हा ती मोजणी काही धरू नका.

जेवण दुपारी, उलटी रात्री. तरी दोष जेवणालाच कसा लागला?

गार्सियाच्या काळातल्या मानसशास्त्रज्ञांना नेमकं हेच पटत नव्हतं. तेव्हाचा नियम असा होता: घंटा वाजली आणि लगेच, काही सेकंदांत अन्न मिळालं, असं अनेकदा घडलं, तरच कुत्रा घंटेचा अर्थ शिकतो. मधे मिनिटभर जाऊ दिलं तर शिकणं कोलमडतं.

गार्सिया १९५०च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोत अमेरिकी नौदलाच्या एका प्रयोगशाळेत उंदरांवर किरणोत्साराचे परिणाम तपासत होता. त्याच्या लक्षात आलं, की किरणोत्साराच्या पेटीत उंदीर पाणी कमी कमी पितात, आणि स्वतःच्या पिंजऱ्यात परत आल्यावर व्यवस्थित पितात. पेटीतली बाटली प्लास्टिकची होती, पिंजऱ्यातली काचेची. प्लास्टिकची पाण्याला किंचित चव येत होती, आणि किरणांनी मळमळणारे उंदीर तो दोष त्या चवीला देत होते. मग त्याने मुद्दाम सॅकरिनचं गोड पाणी देऊन हाच प्रयोग केला आणि १९५५मध्ये छापला. पुढे त्याने आणि इतरांनी चव आणि आजार यांच्यातलं अंतर वाढवत नेलं. १९६६च्या एका प्रयोगात ते तासाभराच्याही पुढे गेलं. दुसऱ्या एका प्रयोगशाळेत १९६७मध्ये ते बारा तासांपर्यंत ताणलं, तरी उंदरांनी दोष बरोबर चवीलाच दिला.

गार्सियाचे यातले काही निबंध मोठ्या नियतकालिकांनी परत पाठवले. कोकिळेच्या घड्याळात पक्ष्याची विष्ठा सापडावी इतकंच हे संभवनीय आहे, असा शेरा एका जाणकाराने मारला होता. पण पोटाचा हिशोब लावला तर यात आश्चर्य काही नाही. अन्न गिळल्यावर त्यातलं विष अंगात भिनायला तास लागतात. जो प्राणी सेकंदांचा नियम पाळत बसेल त्याला खाल्लेल्या विषाबद्दल कधीच काही कळणार नाही. आणि ‘अनेकदा घडलं पाहिजे’ हीही अट विषाच्या बाबतीत चालत नाही, दुसरी खेप मिळेलच असं नसतं.

पानात पाच पदार्थ होते. सोलकढीच का? सुरमई का नाही, भात का नाही?

माझं त्या दिवशीचं पान आठवून बघू. भात, चपाती, तळलेली सुरमई, कांदा-लिंबू आणि सोलकढी. भात आणि चपाती मी जन्मभर खात आले होते, हजारो वेळा, आणि काही झालं नव्हतं. मेंदू हा जुना जमाखर्च धरतो. ज्या चवीच्या मागे सुरक्षित जेवणांची रास आहे तिच्यावर सहजी आळ येत नाही. मासे आमच्या घरी व्हायचे, नदीचे का होईना. राहिली सोलकढी. ती मी आयुष्यात कधी तोंडाला लावली नव्हती, तिची चव आणि वास दोन्ही तीव्र, आणि जेवणात ती शेवटी आली.

नवा पदार्थ पहिला संशयित. गावात चोरी झाली की परक्या माणसाकडे बोट जातं, तसंच. आमच्या गटात मालवणचीच एक मुलगी होती. तिलाही दुसऱ्या दिवशी तोच त्रास झाला, तीही तीच सोलकढी प्यायली होती. तिला सोलकढीबद्दल काही म्हणजे काही वाटलं नाही; तिने ती बालवाडीपासून प्यायलेली. तिने मात्र आमच्याबरोबर कोल्हापुरात पहिल्यांदाच खाल्लेला एक झणझणीत रस्सा त्यानंतर सोडून दिला.

उंदरांवरही हे सरळ तपासून झालं आहे: एक ओळखीचं आणि एक अनोळखी अन्न एकापाठोपाठ देऊन आजारी पाडलं, तर दोष अनोळखीकडे जातो, मग ते आधी दिलेलं असो की नंतर.

चव नकोशी झाली हे समजलं. पण मी खातच नाहीये, शेजारच्या घरातून वास आला तरी मळमळतं. वासाचं काय?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि याचं उत्तर दोन पायऱ्यांत आहे.

पहिली पायरी घरी करून बघा. नाक चिमटीत घट्ट धरा आणि चार दाणे बडीशेप चावा. जिभेला थोडं गोड, थोडं खडबडीत, बस. आता नाक सोडा. बडीशेप त्या क्षणी ‘येते’. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि मांसाच्या रश्श्यातली ती मुरलेली चव इतकंच कळतं. बाकी ज्याला आपण चव म्हणतो ती घशाच्या मागच्या बाजूने नाकात चढलेली वाफ असते. सोलकढीतलं आंबट जिभेचं. कोकम, खोबरं, लसूण ही ओळख नाकाची. म्हणजे मला ज्या चवीची शिसारी बसली तिचा मोठा भाग मुळात वासच होता. आता फक्त तो मागच्या दाराऐवजी पुढच्या दाराने येत होता.

दुसरी पायरी जास्त मजेशीर आहे. गार्सिया आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७९मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत वास आणि चव वेगळे काढले. काही उंदरांना बदामाचा वास असलेलं साधं पाणी दिलं आणि काही वेळाने आजारी पाडलं. त्यांना त्या वासाची शिसारी फारशी बसली नाही. एकट्या वासाला उशिराने येणारी मळमळ जोडता येत नाही, तो फार लवकर निसटतो. दुसऱ्या उंदरांना तोच वास, पण सोबत सॅकरिनची गोड चव दिली. आता मात्र बदामाच्या वासाची जबरदस्त शिसारी बसली.

याचा अर्थ असा लावतात: दिवसभर नाकात शेकडो वास येतात-जातात, त्यातला पोटाशी संबंध असलेला कोणता हे नाकाला ठरवता येत नाही. जिभेवर चव आली म्हणजे काहीतरी खरोखर तोंडात गेलं. त्या क्षणी जो वास हजर होता त्याच्यावर चव एक शिक्का मारते: हाही जेवणातला. मग तासांनी मळमळ आली, की शिक्का बसलेला वासही पकडला जातो. आणि एकदा पकडला गेला की तो चवीपेक्षा जास्त उपयोगी पडतो. चव कळायला पदार्थ तोंडात घ्यावा लागतो. वास दारातूनच सांगतो. शेजारच्यांच्या घरात सोलकढी चालली असताना माझं पोट ढवळायचं, ते या पहारेकऱ्याचं काम.

त्यात वासाच्या वाटेचीही भर पडते. बाकीच्या इंद्रियांचे निरोप मेंदूच्या मधल्या एका ठाण्यावरून, थॅलॅमसवरून, पुढे जातात. वासाचा निरोप ते ठाणं टाळून थेट आत शिरतो आणि भीती-किळस हाताळणाऱ्या अमिग्डालापाशी लगेच पोचतो. त्यामुळे ‘हा कसला वास’ हे शब्दांत कळायच्या आधीच तोंडात पाणी जमलेलं असतं.

मला गाडी लागते. घाटात डिझेलचा वास आला की गाडी सुरू व्हायच्या आधीच मळमळतं. डिझेल तर मी प्यायलो नव्हतो!

बरोबर, आणि वरच्या नियमाला हा चांगला चाप आहे. एकट्या वासाला उशीर चालत नाही असं म्हटलं. पण वास आणि मळमळ एकाच वेळी असतील तर चवीच्या मदतीशिवायही सांधा जुळतो. घाटात तुम्हाला वळणांनी मळमळत होतं त्याच क्षणी डिझेल, रेक्झिनच्या सीट आणि शेजाऱ्याने सोललेलं संत्रं नाकात होतं. असं दोन-चार प्रवासांत झालं की वासच गाडी लागायला पुरेसा होतो.

म्हणूनच घाट लागायच्या आधी बसमध्ये काही नवं, वासाचं खाऊ नका. गाडी लागते तुमची आणि नाव जातं बिचाऱ्या संत्र्याचं.

पदार्थात काही दोष नव्हता हे मला पक्कं माहीत आहे. तरी मन का मानत नाही?

मलाही माहीत होतं. माझ्यासोबतच्या एका मैत्रिणीला आदल्या रात्रीच, सोलकढी कुणी प्यायच्या आधी, तशाच उलट्या झाल्या होत्या. माझ्यानंतर आणखी दोघींना झाल्या, त्यातली एक सोलकढी प्यायलीच नव्हती. एकामागून एक, दिवस-दीड दिवसाच्या अंतराने, आणि दोन दिवसांत सगळ्या बऱ्या. ही पोटाच्या विषाणूची चाल असते. तो अंगात शिरल्यावर बहुधा बारा ते अठ्ठेचाळीस तासांनी उलट्या सुरू होतात. म्हणजे मला लागण झाली तेव्हा मी सोलकढीचं नावही काढलं नव्हतं. हा सगळा हिशोब मी महिन्याभरातच मांडला होता. त्याने वासात काडीचा फरक पडला नाही.

मार्टिन सेलिगमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाची अशीच गोष्ट प्रसिद्ध आहे. बेअर्नेज नावाचा लोणी-अंड्याचा फ्रेंच सॉस घातलेलं मांस त्याने बायकोबरोबर खाल्लं, दोघं ऑपेराला गेली, आणि सहाएक तासांनी त्याला भयंकर उलट्या झाल्या. त्यानंतर त्याला तो सॉस सहन होईना. आजार फ्लूचा होता हे त्याला पुढे कळलं, उपयोग शून्य. आणि त्याने स्वतःच लिहून ठेवलेली गंमत अशी, की शिसारी ना ऑपेराची बसली, ना ताटांची, ना बायकोची. फक्त सॉसची. आजाराचा आळ जिभेवरून गेलेल्या गोष्टीवरच येतो.

गार्सियाने हेही १९६६मध्ये दाखवलं होतं. उंदीर नळीला जीभ लावे तेव्हा गोड पाणी येई आणि त्याच वेळी दिवा लुकलुके, टकटक आवाज होई. ज्यांना नंतर आजारी पाडलं त्यांनी गोडाला दोष दिला, दिवा-आवाज त्यांना चालत होते. ज्यांना विजेचा झटका दिला त्यांनी दिवा-आवाजाला दोष दिला, गोड पाणी ते खुशाल पीत होते. पोटाचं दुखणं तोंडाच्या खात्यात, कातडीचं दुखणं डोळ्या-कानांच्या खात्यात.

या खात्याच्या बातम्या जिथे जमा होतात ती जागा विचार करणाऱ्या मेंदूपासून पुष्कळ खाली आहे. मेंदूच्या देठात, एका पोकळीच्या तळाशी, छोटासा भाग असतो जिथे रक्त आणि मेंदू यांच्यामधली गाळणी सैल असते. रक्तात विष आलं की त्याला लगेच कळतं. पोटाकडून व्हेगस नावाचा मज्जातंतू तिथल्याच शेजारी बातमी आणतो. जिभेकडून आलेली चवीची बातमीही त्याच परिसरातून वर जाते. उंदरांचा तो छोटा भाग काढून टाकला तर उलटीकारक लिथियम क्लोराइड टोचूनही शिसारी बसत नाही. उलट, चव दिल्यानंतर उंदराला भूल देऊन बेशुद्धीतच आजारी पाडलं, तर जागा झाल्यावर तो ती चव टाळतो. आजार त्याने ‘अनुभवला’ही नव्हता! ज्या शिकण्याला जागं असणंही लागत नाही, त्याला माझा विषाणूचा हिशोब कसा ऐकू जाणार?

शेंगदाण्याने माझ्या अंगावर पित्ताच्या गांधी उठतात, श्वास लागतो. मी ते खात नाही. मग ही शिसारीच ना?

बहुतेक नाही. स्वतःलाच विचारा: उद्या डॉक्टर म्हणाले, की आता शेंगदाण्याने काही होणार नाही, तर खाल का? तुम्ही ‘आनंदाने’ म्हणत असाल तर ती भीती आहे, आणि ती रास्त आहे. शिसारी असलेला माणूस म्हणतो, ‘काही होणार नाही हे माहीत आहे हो, पण नको.’

पेल्शाट आणि रोझिन या अभ्यासकांनी १९८२मध्ये नेमका हा फरक नोंदवला. ज्यांना पदार्थाने मळमळ झाली त्यांना त्याची चवच वाईट लागायला लागली. ज्यांना गांधी उठल्या, श्वास लागला, त्यांनी पदार्थ टाळला, पण त्याची चव त्यांना पूर्वीइतकीच छान वाटत राहिली. चव बिघडवण्याची किल्ली मळमळीकडे आहे. दुखणं कितीही मोठं असलं तरी ते काम दुसऱ्या कुणाला तितकं जमत नाही. आणि ऍलर्जी असेल तर या पानावर पुढे दिलेला सवयीचा उपाय अजिबात करू नका.

एका पार्टीत रम जास्त झाली. आता वासही सहन होत नाही. दारू सुटेल का याने?

रम सुटेल. व्हिस्कीचं सांगता येत नाही. शिसारी त्या वासाची आणि चवीची असते, नशेची नव्हे. ज्यांची रोजची आहे त्यांना तर ती बसणंही अवघड, कारण ओळखीच्या चवीवर आळ येत नाही.

सासूबाई म्हणतात हे नखरे आहेत.

सासूबाईंना विचारा, त्यांचं असं काही आहे का. बहुधा निघेल, आणि त्याची कहाणी तीस वर्षं जुनी असेल.

आईची किमोथेरपी सुरू आहे. तिच्या आवडीचे पदार्थ एकेक करून सुटत चाललेत. याचा याच्याशी संबंध आहे का?

बराच असू शकतो. किमोच्या काही औषधांनी तोंडाची चवही बिघडते, ते वेगळं. पण औषधाने मळमळ होते आणि त्याआधी खाल्लेल्या पदार्थावर आळ येतो, ही आपल्याच विषयातली गोष्ट आहे. अमेरिकेत आयलीन बर्नस्टाइन यांनी १९७८मध्ये कर्करोगाचे उपचार घेणाऱ्या मुलांवर अभ्यास छापला. मुलांना मेपल आणि अक्रोडाच्या वेगळ्याच चवीचं आइस्क्रीम दिलं. ज्यांनी ते पोट ढवळणाऱ्या औषधाच्या आधी खाल्लं होतं, त्यांच्यातल्या फार थोड्यांनी, साधारण पाचात एकाने, नंतर ते पुन्हा निवडलं. ज्यांनी आइस्क्रीम खाल्लं पण तसलं औषध त्या दिवशी घेतलं नाही, त्यांच्यातल्या पुष्कळ जास्त जणांनी निवडलं. मुलांना मळमळ औषधाची आहे हे माहीत असलं तरी फरक पडत नव्हता. सेलिगमनचाच किस्सा पुन्हा.

बर्नस्टाइन यांनी पुढे, १९८७मध्ये, एक साधी युक्ती तपासली: जेवण आणि औषध यांच्या मधे तीव्र, अनोळखी चवीची गोळी चघळायला द्यायची. आळ त्या गोळीवर गेला आणि जेवण बऱ्यापैकी वाचलं. बळीचा बकरा म्हणतात तो हाच.

तुमच्या आईसाठी याचा अर्थ असा, की तिच्या जिवाभावाची पुरणपोळी किंवा आवडती भाजी औषधाच्या दिवशी, आदल्या काही तासांत, देऊ नका. मधल्या बऱ्या दिवसांसाठी राखून ठेवा. ‘आज किमो आहे, तिच्या आवडीचं करू’ ही माया चुकीच्या दिवशी येते. त्या दिवशी रोजचं साधं, कमी वासाचं अन्न, आणि मधे चघळायला तिला सवय नसलेली एखादी गोळी. गोळी चालेल का, हे आधी तिच्या डॉक्टरांना विचारा, कारण तोंड आलं असेल किंवा मधुमेह असेल तर तिथेच थांबावं लागतं. मळमळीची औषधं वेळेवर घेणं मात्र या सगळ्याहून महत्त्वाचं. मळमळच झाली नाही तर आळ घेणारा कुणी उरत नाही.

गरोदरपणात फोडणीच्या वासानेही उमासे येतात. तेही हेच?

थोडं. पहिल्या महिन्यांत बऱ्याच वासांनी मुळातच त्रास होतो, त्यात शिकण्याचा भाग नसतो आणि बाळंतपणानंतर ते निवळतं. पण त्या दिवसांत एखादा ठरावीक पदार्थ उलटीशी जोडला गेला असेल तर तो मूल शाळेत जायला लागलं तरी नकोसा राहू शकतो.

ही शिसारी जाते का? मुलाला जबरदस्तीने भरवलं तर?

दुसऱ्याचं उत्तर आधी: नको. पानात वाढून ‘संपवल्याशिवाय उठायचं नाही’ केलं आणि मुलाला पुन्हा उमासा आला, तर आता त्या पदार्थाच्या नावावर दोन खेपा जमा झाल्या.

शिसारी कमी होते ती एकाच गोष्टीने: तीच चव, तोच वास पुन्हा पुन्हा यावा आणि मागून मळमळ येऊ नये. आपोआप हे सहसा घडत नाही, कारण आपण तो पदार्थ टाळतो आणि मेंदूला आपली चूक तपासायची संधीच मिळत नाही. वर्षानुवर्षं ती टिकते त्याचं हे मोठं कारण आहे.

मी काय केलं ते सांगते. नऊ वर्षांनी माझं लग्न रत्नागिरीच्या घरात झालं, तेव्हा करण्यावाचून गत्यंतर नव्हतं. आधी मी सोलकढीचे तुकडे केले. नुसतं कोकम सरबत मला पहिल्या दिवशीच जमलं. त्यात जिरं होतं, साखर होती, लसूण आणि नारळ नव्हता. नारळाचं दूध भाजीत घातलेलं चाललं. अडचण तिन्ही एकत्र आले की यायची, म्हणजे मेंदूने नाव लिहून घेतलं होतं ते त्या मिश्रणाचं. मग घरी बिनलसणाची, फ्रिजमध्ये खूप गार केलेली सोलकढी, एक चमचा, भरल्या पोटी नव्हे आणि रिकाम्याही नव्हे. गार पदार्थाची वाफ कमी उडते, त्यामुळे नाकात कमी पोचते. आठवड्यातून दोन-तीनदा, एक चमचा, मग दोन, मग अर्धी वाटी. लसूण अगदी शेवटी, एक पाकळी ठेचून. मळमळ जाणवली की त्या दिवशी तिथेच थांबायचं, आणि सर्दी-ताप किंवा प्रवासाच्या दिवशी प्रयत्नच करायचा नाही. पूर्ण वाटी घ्यायला मला साधारण चार महिने लागले.

एक मर्यादा लक्षात ठेवा. असं केल्याने जुनी नोंद खोडली जात नाही, तिच्या शेजारी ‘हल्ली काही होत नाही’ अशी दुसरी नोंद होते. दोन्हींतली कोणती वर येईल हे जागेवर आणि दिवसावर ठरतं. मध्ये बरेच महिने गेले, किंवा सवय घरात केली आणि वास बाहेर आला, की जुनी नोंद पुन्हा डोकं काढते. उंदरांतही हे दिसतं.

आमच्या घरच्या स्वयंपाकघरात मी आता सोलकढी करतेसुद्धा. गेल्या मे महिन्यात फोंडा घाट उतरत होतो, खिडक्या बंद होत्या, आणि पुढच्या सीटवरच्या बाईंनी बाटलीचं झाकण उघडलं. ओळखीचा गुलाबी रंग. मी नवऱ्याला गाडी बाजूला घ्यायला सांगितली.